सोयाबीनचा ‘आज संध्याकाळपर्यंतचा’ भाव: वेळ कोणती धरायची आणि सौदा पक्का कधी मानायचा

प्रश्न: आमची औसा तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सोयाबीन वाळवून, चाळून बाहेरच्या खरेदीदारांना गाडीच्या हिशेबानं विकतो. सकाळी भाव कळवला की दिवसभर ‘बघतो’ म्हणतात. बाजार चढला की दुसऱ्या दिवशी कालच्या भावात गाडी मागतात, उतरला की फोन उचलत नाहीत. ‘भाव आज संध्याकाळपर्यंतच’ असं लिहून पाहिलं, तरी वाद होतातच. हे कसं लिहावं आणि वेळ कोणती धरावी?

उत्तर:

आधी थोडक्यात सांगतो. ‘संध्याकाळ’ लिहू नका, घड्याळातली वेळ लिहा. संध्याकाळपर्यंतची मुदत फक्त गोदामात तयार असलेल्या मालालाच द्या. जो माल अजून बाजारातून घ्यायचा आहे, त्याचा होकार लिलाव संपायच्या आत आला पाहिजे. आणि ‘पक्कं’ कशाला म्हणायचं ते भावाच्या त्याच मेसेजमध्ये लिहा. बहुतेक वाद दुसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर होतात, म्हणून तिथं जरा सविस्तर लिहितो.

तुमचं नुकसान नेमकं कुठं होतं ते आकड्यात मांडू. क्विंटलमागं तुम्ही ५० रुपये मार्जिन धरलं आणि बारा टायरची गाडी, म्हणजे २५० क्विंटल माल विकला, तर गाडीमागं १२,५०० रुपये सुटतात. आता भाव रात्रभर उघडा राहिला आणि सकाळी बाजार ६० रुपयांनी चढला. खरेदीदार कालच्या भावात माल मागतो, तुम्ही ओळखीपोटी देता, आणि तेवढाच माल परत भरायला तुम्हाला १५,००० जास्त मोजावे लागतात. अख्ख्या गाडीची कमाई एका रात्रीत गेली. बाजार ६० नं उतरला असता तर तो आलाच नसता, त्यामुळे उतरत्या दिवशी त्याची भरपाई होत नाही. चढला तर त्याचा फायदा, उतरला तर तुमचा माल तुमच्या गळ्यात. म्हणजे तुम्ही त्याला फुकटात विमा देत आहात. आणि तो तसं वागतो यात त्याचं काही चुकत नाही, फुकट मिळतंय ते कोणीही घेईल.

आता वेळ. मी पाच वाजेची मुदत सुचवतो. त्यामागं कारण आहे. दिवसभरात सोयाबीनचा भाव हलवणाऱ्या गोष्टींना ठरलेल्या वेळा असतात. सकाळी प्लांटचे खरेदी भाव निघतात, मग मोंढ्यात लिलाव होतो आणि दुपारपर्यंत आपल्याकडचं चित्र स्पष्ट होतं. मलेशियातला पामतेलाचा दिवसाचा बाजार आपल्या साडेतीनला बंद होतो. शिकागोचा सोयाबीन वायदा तसा जवळजवळ चोवीस तास चालतो, पण तिथली दिवसाची मुख्य वेळ आपल्या संध्याकाळी सातला सुरू होते आणि रात्री बाराच्या आसपास संपते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं जातं, तेव्हा तीच वेळ आपल्याकडं आठ होते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा मागणी-पुरवठ्याचा मासिक अहवालही आपल्याकडं रात्री साडेनऊ-साडेदहालाच येतो. म्हणजे पाच ते सकाळी अकरा या वेळात बाजार हलवणारं बरंच काही घडतं आणि तेव्हा तुमचा मोंढा बंद असतो. तुम्हाला ना माल घेता येतो, ना विकता. त्या वेळात तुमचा भाव उघडा असता कामा नये.

सरकारी आदेशांचंही तसंच. खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवल्याची अधिसूचना १३ सप्टेंबर २०२४ ला, शुक्रवारी संध्याकाळी आली. कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि दुसऱ्या दिवसापासून लागू झालं. पुढं ३० मे २०२५ ला ते २० वरून १० वर आणलं, तोही शुक्रवारच होता. शुक्रवारी दिलेला भाव ‘सोमवारी सांगतो’ म्हणून ज्यांनी उघडा ठेवला, त्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून शुक्रवार, अमावास्येची बंदी, दिवाळीची सुट्टी अशा दिवसांच्या आधी मुदत उलट आखडती ठेवा. पाचच्या जागी तीन करा. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात, सुट्टी आहे म्हणून खरेदीदाराला सवलत देतात.

ही जोखीम दुसरीकडं टाकायला पूर्वी निदान वायद्याची सोय होती. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीनचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढं वाढवत नेली. मधल्या काळात आपल्या भागातल्या व्यापाऱ्याकडं एकच बचाव उरला, तो म्हणजे भाव थोडा वेळच उघडा ठेवणं.

आता गोदामातला माल आणि बाजारातून घ्यायचा माल यातला फरक. तुमच्यासारख्या कंपन्यांची गडबड सगळ्यात जास्त इथंच होते. गोदामात १८० क्विंटल स्वच्छ, वाळलेला माल पडून आहे आणि खरेदीदाराला २५० हवा आहे. तुम्ही सकाळी साडेअकराला अख्ख्या २५० चा भाव पाचपर्यंत देता. त्याचा होकार पावणेपाचला येतो, अगदी वेळेत. पण मोंढ्यातला लिलाव तोवर कधीच संपलेला. राहिलेले ७० क्विंटल तुम्हाला उद्याच्या भावानं घ्यायचे आहेत आणि उद्याचा भाव आज कोणाला माहीत नाही. मुदत पाळली गेली, वाद झाला नाही, तरी ७० क्विंटलचं ओझं तुमच्याच डोक्यावर राहिलं.

म्हणून एका मेसेजमध्ये दोन मुदती द्या. अख्ख्या २५० साठी दुपारी एक, तयार १८० साठी पाच. एकच्या आत होकार आला तर त्याच दिवशीच्या लिलावात उरलेला माल उचलता येतो. एक वाजून गेला की लगेच दुसरा मेसेज टाका: ‘२५० चा भाव संपला, १८० चा पाचपर्यंत आहे.’ तुमच्या मोंढ्यातला लिलाव किती वाजता आटोपतो ते बघून ही एकची वेळ मागंपुढं करा. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, सगळीकडं वेळ आणि आवक सारखी नसते. होकार आल्यावर तुमचा माणूस बाजारात बोली लावेपर्यंत निदान तासभर मिळाला पाहिजे, एवढं बघा.

भाव बांधताना माल कितीला घेतला होता ते विसरा, आज तोच माल परत भरायला किती लागतील ते धरा. गोदामातला माल महिन्यापूर्वी ४,१०० नं घेतला असेल, तरी आज शेतकरी ४,३०० मागत असेल तर हिशेब ४,३०० पासून सुरू होतो. बाजार खाली आला असेल तरी हाच नियम लागतो, आणि तेव्हा तो जिवावर येतो.

पुढचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. ऑक्टोबरातला ताजा माल आहे, ओलावा १३ टक्के आणि खरेदी ४,३०० रुपये. विकताना अट नेहमीची: ओलावा १०, माती-काडी २, डागी २. शंभर किलो मालात १३ किलो पाणी आणि ८७ किलो बाकीचं. ओलावा दहावर आणला की ते ८७ किलो एकूण वजनाच्या नव्वद टक्के होतात, म्हणजे हाती उरतात ९६.६७ किलो. ‘तीन टक्के ओलावा गेला, तीन किलो घटले’ असा तोंडी हिशेब मोंढ्यात सर्रास चालतो, पण खरी घट ३.३३ किलो असते. शंभर किलोवर ती तिसरा हिस्सा किलो जास्त आहे, आणि गाडीवर पाऊण क्विंटलच्या वर जाते. घटीनंतर क्विंटलची पडतर ४,४४८ रुपये होते. चाळणीत एक टक्का गेला की ४,४९३. हमाली, तोलाई, वीज आणि बारदान मिळून ६० धरले तर ४,५५३. पैसे हातात येईपर्यंत दहा दिवस लागतात असं धरून वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज १५ रुपये. झाले ४,५६८. त्यात ५० मार्जिन आणि वरचं गोल करून ४,६२०, गोदामापासून, जीएसटी ५ टक्के वेगळा. मोंढ्यातून घेतलेल्या मालाला बाजार फी आणि बाकी खर्च लागतात, ते तुमच्या पट्टीवर दिसतील तसे वाढवा.

हा हिशेब कागदावर असला की घासाघीस करताना कुठं थांबायचं ते कळतं. खरेदीदार म्हणाला, “चाळीस कमी करा, आता पक्कं करतो,” तर पन्नासातले चाळीस देऊन दहा रुपयांवर गाडी भरायची का, हा निर्णय तुम्ही डोळे उघडे ठेवून घ्याल. उरलेले ७० क्विंटल भरायला कच्चा माल किती घ्यायचा तेही यातूनच निघतं. वाळून-चाळून शंभराचे साधारण ९५.७ राहतात, म्हणून ७० साठी ७३ च्या वर लागतो. ७५ घ्या, लोडिंगच्या वेळी दोन क्विंटलसाठी धावाधाव नको. फक्त एक बघा: ओला माल वाळायला ऊन किंवा ड्रायर लागणार, म्हणून २५० चा सौदा घेताना गाडी भरायची तारीख त्या हिशेबानं सांगा.

मेसेज असा लिहा:

> दि. १५ ऑक्टो., वेळ ११.३०
> सोयाबीन, चाळलेला, ओलावा १०, माती-काडी २, डागी २
> भाव ४,६२० रु. क्विंटल, आमच्या गोदामापासून, ५० किलो बारदानासह. जीएसटी ५% व भाडे वेगळे.
> २५० क्विंटलसाठी भाव आज दु. १.०० पर्यंत. १८० क्विंटलसाठी आज सायं. ५.०० पर्यंत.
> आधी विकला गेल्यास भाव रद्द.
> पक्के करण्यासाठी याच नंबरवर ‘पक्के’ असे लिहून माल किती, भाव किती आणि बिलाचे नाव पाठवावे. आमचा पोहोच मेसेज आल्यावर सौदा झाला असे समजावे.
> १०% ॲडव्हान्स उद्या दु. १२ पर्यंत. गाडी ३ दिवसांत लावावी, त्यानंतर रोज क्विंटलमागे २ रु.

यातली प्रत्येक ओळ कोणत्या तरी भांडणातून आलेली आहे. ‘याच नंबरवर’ का? तर खरेदीदाराचा मुनीम तुमच्या गोदामातल्या पोराला फोनवर ‘हो’ सांगतो, पोरगं विसरतं आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, “आम्ही तर काल चारलाच सांगितलं होतं.” माल, भाव आणि बिलाचं नाव लिहून मागायचं कारण असं, की ज्याला खरंच घ्यायचं आहे त्याला ते लिहायला मिनिटही लागत नाही आणि ज्याला फक्त जागा धरून ठेवायची आहे तो ते लिहायचं टाळतो. नुसता अंगठा, ‘ओके’, ‘ठीक आहे शेठ’, ‘नोट केलं’ यातलं काहीही होकार नाही. भाव वाचला, एवढाच त्याचा अर्थ. असा अंगठा आला तर गप्प बसू नका. ‘भाव मिळाल्याची पोच समजतो, घ्यायचं असल्यास पाचच्या आत पक्के लिहा’ एवढं लगेच पाठवा. गप्प राहिलात तर त्याच्या दृष्टीनं सौदा झालेला असतो.

कायदाही या बाबतीत तुमच्या बाजूनं सरळ आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ६ प्रमाणं होकारासाठी ठरवलेली वेळ उलटली की देकार संपतो, आणि कलम ७ प्रमाणं होकार पूर्ण आणि बिनशर्त लागतो. ‘पक्के, पण ४,६०० नं’ किंवा ‘पक्के, पण भाडं तुमचं’ हा होकार नाही, तो त्याचा नवा देकार. तो तुम्ही घ्यायचा की सोडायचा ते तुमच्या हातात. त्यानं असं लिहिल्यावर तुमचा मूळ भाव मोडला असं धरा आणि तसं कळवा, नाहीतर तासाभरानं तो ‘बरं, ४,६२० तर ४,६२०’ म्हणतो आणि मध्ये बाजार तीस रुपयांनी हललेला असतो. उलट बाजूनं, वेळ संपायच्या आत तुम्हालाही भाव मागं घेता येतो, त्याचा होकार निघालेला नसेल तर. पण ते कोर्टातलं झालं. मोंढ्यात एकदा पाच म्हटलं की पाचपर्यंत जिभेला जागायचं. बाजार दोनला उसळला म्हणून तीनला भाव फिरवलात तर पुढच्या वेळी तुमच्या मुदतीला कोणी किंमत देणार नाही. ‘आधी विकला गेल्यास रद्द’ ही ओळ मात्र प्रामाणिकपणे वापरा, माल खरंच विकला गेला तरच.

आता पाच वाजून वीस मिनिटांचा फोन. हा येणारच. “अहो दादा, मीटिंगमध्ये होतो, लावा की गाडी आपली, वीस मिनिटांनी काय होतंय?” खरं सांगायचं तर पाच-वीसला बाजारात काहीच झालेलं नसतं, आणि माल विकायची घाई तुम्हालाही असते. तरी ‘हो’ म्हणू नका. आज वीस मिनिटं दिलीत तर पुढच्या वेळी साडेसात वाजतील, आणि साडेसातला शिकागो उघडून अर्धा तास झालेला असेल. मग नाही म्हणायला तुमच्याकडं काही उरणार नाही, कारण मुदत मोडता येते हे तुम्हीच दाखवलेलं असेल. माल द्यायचाच असेल तर जुन्या भावाचा होकार न घेता नवा भाव द्या, आकडा तोच असला तरी चालेल: ‘पाचचा भाव संपला. नवा भाव ४,६२०, १८० क्विंटल, ५.४५ पर्यंत.’ त्यानं त्यावर ‘पक्के’ लिहावं. गाडी तीच, पैसे तेच, पण मुदत पाळली गेली. खरंच गरज असलेला माणूस हे दोन मिनिटांत करतो.

होकारानंतरची पायरी ॲडव्हान्सची, आणि इथं अनुभवी लोकही एक चूक लिहून जातात. ते लिहितात, ‘उद्या बारापर्यंत ॲडव्हान्स न आल्यास सौदा आपोआप रद्द.’ वाचायला कडक वाटतं. पण बाजार रात्रीतून पडला तर खरेदीदार काय करेल? पैसेच पाठवणार नाही, आणि तुमच्याच अटीप्रमाणं मोकळा होईल. पाचला बंद केलेली फुकटची विमा पॉलिसी तुम्ही दुसऱ्या दिवशी बारापर्यंत वाढवून दिलीत. म्हणून लिहायचं असं: ‘ॲडव्हान्स वेळेत न आल्यास सौदा रद्द करायचा की चालू ठेवायचा हे विक्रेता ठरवील.’ रद्द करायचा हक्क तुमच्या हातात राहिला पाहिजे. वरच्या मेसेजमध्ये जागा पुरत नसेल तर ही ओळ पोहोच मेसेजमध्ये टाका, पण टाकाच. २५० क्विंटलचं बिल ११,५५,००० आणि जीएसटी धरून १२,१२,७५० होतं. त्याचे दहा टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या आत. एवढे पैसे ज्याचे अडकलेत तो गाडी लावतोच. बँक बंद होती ही सबब ऐकू नका, डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं, रविवारीसुद्धा. रोजचे दोन रुपये कुठून आले? ४,६२० वर १२ टक्क्यांनी दिवसाला दीड रुपया व्याज होतं, वर गोदामाचा आठ आणे.

पडत्या बाजारात होकार देऊन बसलेला माणूस आणखी एका दारानं बाहेर पडू बघतो. गाडी त्याच्या गेटवर गेली की ओलावा ११.५ निघतो, डागी ४ निघते आणि ‘कटती घ्या नाहीतर गाडी परत न्या’ असा फोन येतो. चढत्या बाजारात तोच माल न बघता खाली होतो. म्हणून लोडिंगच्या वेळी ड्रायव्हरसमोर दोन नमुने काढून दोन्ही पिशव्यांना सील करा, एक गाडीबरोबर द्या, एक आपल्याकडं ठेवा, आणि मीटरवरच्या ओलाव्याचा फोटो गाडी नंबरासह पाठवा. एका टक्क्यापर्यंत कटती वजनातच होईल, किलोला किलो, हे सौद्याच्या वेळीच ठरवून घ्या.

एकच माल तीन ठिकाणी कळवायचा असेल तर कळवा, त्यात गैर काही नाही. पण मग ‘आधी येईल त्याला’ हे तिघांनाही लिहिलेलं असलं पाहिजे आणि पहिला ‘पक्के’ आला की बाकी दोघांना त्याच मिनिटाला ‘माल गेला, भाव रद्द’ जायला हवं. हे काम एकाच माणसाकडं द्या. दोन संचालक दोन फोनवरून भाव देत असतील तर वरचं काहीच उपयोगाचं नाही, १८० क्विंटल दोनदा विकला जाईल आणि तो तुमचाच दोष असेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ही बाजू सुटली की सगळं फसतं: शेतकऱ्यांना दिलेला खरेदीचा भाव. कंपनीच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी ‘आजचा भाव ४,३००’ पडतो. सभासद रात्री मळणी करतो, दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर घेऊन काट्यावर येतो आणि कालचा फोटो दाखवतो. तो तुमचा सभासद आहे, त्याला खरेदीदारासारखं ‘वेळ संपली’ म्हणून चालत नाही, गावात राहायचं आहे. इथं मी मुदत काट्याला बांधतो. भाव वजनाच्या वेळेचाच, हा नियम. ज्याला आजचा भाव धरायचा आहे त्यानं चारच्या आत फोनवर पोती आणि ओलावा सांगून टोकन घ्यायचं आणि माल उद्या सकाळी दहापर्यंत आणायचा. टोकन तेवढ्याच मालाला द्यायचं जेवढा तुम्ही त्या दिवशी पुढं विकलेला आहे. म्हणजे २५० चा सौदा दुपारी एकच्या आत पक्का झाला की ७५ क्विंटलची टोकनं निघतात आणि त्या शेतकऱ्यांचा भाव खरंच बांधलेला असतो, कारण पलीकडं विकलेल्या मालाचा भावही बांधलेला आहे. मोंढ्यात बोली लावण्यापेक्षा हा मार्ग तुमच्यासारख्या कंपनीला बरा, बाजार फी आणि आडतीची कटकट कमी होते. टोकन घेऊन माल न आणणारे निघतातच, विशेषतः रात्रीतून बाजार चढला तर, म्हणून थोडी टोकनं जास्त द्या. कोणी आणत नाही ते दोन-तीन वेळा बघितलं की त्या नावापुढं खूण करा.

शेवटी एक वही ठेवा. भाव पाठवल्याची वेळ, होकाराची वेळ, कोणी दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला प्लांटचा भाव काय निघाला, एवढेच चार रकाने. सोयाबीनचा हंगाम सरायच्या आत पानं बोलायला लागतात. एखाद्या खरेदीदाराचे होकार नेहमी पावणेपाचनंतर, आणि त्यातही दुपारनंतर बाजार कडक झालेल्या दिवशीच येत असतील, तर तो तुमच्या भावावर बसून दुसरीकडं चौकशी करतोय. त्याची मुदत तीनवर आणा, किंवा पाच हवी असेल तर दहा रुपये जास्त लावा. जो साडेबारालाच होय-नाही सांगून मोकळा होतो, चढत्या-उतरत्या दोन्ही बाजारात, त्याला पाच काय, सहापर्यंतही भाव द्यायला माझी हरकत नसते, गोदामात माल असेल तर.